खांद्यातलं इंजेक्शन आणि माझी शुगर

उजव्या खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे ठरवायला मला जवळजवळ महिना लागला. प्रत्यक्ष सुई टोचायला काही मिनिटं पुरली. मला मधुमेह आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाला हे इंजेक्शन नुसतं खांद्यापुरतं राहत नाही, ते पुढचे काही दिवस रक्तातल्या साखरेशीही खेळतं. त्या महिन्यात मी काय विचारलं, काय समजलं आणि इंजेक्शननंतर काय झालं, ते सगळं क्रमानं लिहिते. आमच्या वयाच्या बायकांमध्ये खांदा आखडणं किती सर्रास आहे ते मला माझा खांदा आखडल्यावर कळलं. शाळेच्या स्टाफरूममध्येच दोघी निघाल्या.

मी गणित शिकवते. वय बावन्न. नऊ-दहा वर्षांपासून शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत खांदा दुखायला लागला तेव्हा वाटलं, झोपेत अवघडला असेल. जुलैपर्यंत पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हूक लावता येईना, स्कूटीच्या मागच्या सीटवरची पिशवी ओढताना कळ थेट दंडापर्यंत यायची. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिणं बंद झालं. सगळ्यात वाईट रात्र. उजव्या कुशीवर वळलं की जाग यायची आणि मग बराच वेळ बसून काढावा लागायचा.

घराजवळच्या डॉक्टरांनी दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या असेपर्यंत बरं, थांबल्या की पुन्हा तेच. मग एका ओळखीच्यांनी सुचवलेल्या दवाखान्यात गेले. तिथे खांदा वरवर दाबून पाहिला आणि लगेच म्हणाले, "एक इंजेक्शन देऊन टाकतो, मोकळा होईल." शुगर आहे का, किती आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीही विचारलं नाही. इंजेक्शनात काय आहे ते मी विचारलं तर "सुजेचं औषध" एवढंच उत्तर मिळालं. मी विचार करून येते म्हटलं आणि बाहेर पडले. कोणीही तुमच्या सांध्यात औषध सोडणार असेल तर त्याचं नाव आणि मात्रा तुम्हाला कळलीच पाहिजे, या मतावर मी आजही ठाम आहे.

मग नागपूरच्या धंतोलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी एक साधी परीक्षा केली. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवायची, हात काटकोनात पुढे धरायचे आणि कोपर न हलवता पंजे बाहेरच्या बाजूला न्यायचे. डावा पंजा सहज बाहेर गेला. उजवा थोडासा हलला आणि थांबला. मग त्यांनी स्वतः माझा उजवा हात धरून हळूच बाहेर न्यायचा प्रयत्न केला. तरी तो तिथंच अडला.

"हेच पाहायचं होतं," ते म्हणाले. "खांद्याची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, फाटली असती तर तुम्हाला स्वतःहून हात हलवता आला नसता, पण मी हलवला असता तर बराचसा गेला असता. इथे मी नेला तरी जात नाही. म्हणजे सांध्याभोवतीचं आवरणच आखडलंय, यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. हाडांची झीज असली तरी असं होऊ शकतं, म्हणून एक्स-रे पाहू."

एक्स-रे स्वच्छ निघाला. फ्रोझन शोल्डरमध्ये तो बहुधा स्वच्छच असतो. सोनोग्राफीत शिरा धड होत्या. सोबत त्यांनी थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घेतली, कारण या दुखण्याचा मधुमेहाशी आणि थायरॉइडशीही संबंध आहे. थायरॉइड ठीक होतं. एचबीए१सी आला ८.४. म्हणजे माझी साखर आधीच हवी त्यापेक्षा बरीच वर होती.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण इंजेक्शनाचा सगळा निर्णय इथूनच ठरतो. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. ती सैल असते म्हणूनच हात चहूकडे फिरतो. फ्रोझन शोल्डरमध्ये तिला आधी सूज येते, मग ती जाड होत जाते आणि धुतल्यावर आटलेल्या कापडासारखी आकसते. त्यामुळे या दुखण्याचे ढोबळ तीन टप्पे पडतात. पहिल्यात दुखणं जास्त असतं आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. दुसऱ्यात दुखणं ओसरतं, पण हात अडकलेला राहतो. तिसऱ्यात तो सावकाश सुटत जातो. हे सगळं व्हायला वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात, आणि मधुमेह असला तर जास्त वेळ लागण्याची आणि थोडं आखडलेपण मागे राहण्याची शक्यता अधिक.

स्टेरॉइड सूज कमी करतं. आधीच जाड होऊन आकसलेली पिशवी ते विरघळवत नाही. म्हणून दुखण्याचा जोर असतो त्या पहिल्या टप्प्यात त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. दुखणं संपून नुसता हात अडकलेला असेल तर त्याच इंजेक्शनाचा फायदा फारच थोडा. माझी रात्रीची झोप दुखण्यानं मोडत होती आणि सुरुवात होऊन चार-पाच महिने झाले होते. डॉक्टरांच्या मते मी पहिल्या टप्प्याच्या उत्तरार्धात होते.

"मग घेऊनच टाका," असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी तीन रस्ते समोर ठेवले. नुसते व्यायाम आणि गोळ्या घेऊन वाट पाहायची. इंजेक्शन घेऊन व्यायाम करायचे. आणि यातलं काहीच चाललं नाही तर काही महिन्यांनी भूल देऊन हात मोकळा करणं किंवा दुर्बिणीनं पिशवी सोडवणं. मी विचारलं, इंजेक्शन घेतलं तर वर्षभरानं मी किती पुढे असेन? ते म्हणाले, "वर्षभरानं फारसा फरक नसेल. फरक पुढच्या दीड-दोन महिन्यांत असेल, फार तर तीन-चार. त्या काळात दुखणं कमी राहील, झोप लागेल, व्यायाम करता येतील. इंजेक्शन हात सोडवत नाही, व्यायाम करायला मोकळीक देतं. व्यायाम करणार नसाल तर घेऊ नका."

हे वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं. घरी येऊन मी वाचलं तेही याच्याशी जुळणारं होतं. २०२० साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्रोझन शोल्डरच्या ५०३ रुग्णांना तीन गटांत विभागून एका गटाला भूल देऊन खांदा मोकळा केला, दुसऱ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली आणि तिसऱ्याला स्टेरॉइड इंजेक्शनासह पद्धतशीर फिजिओथेरपी दिली. वर्षभरानं तिन्ही गट बरे झाले होते आणि कुठलाही उपचार दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर गुंतागुंती मात्र जास्त होत्या. म्हणजे आधी इंजेक्शन आणि फिजिओ करून पाहण्यात शस्त्रक्रियेची संधी हुकत नाही. मला हे पटलं.

पण आमच्या मजल्यावरच्या काकूंना पटत नव्हतं. त्या जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काऊन वो, टोचून घेऊन राहिली का? माह्या गुडघ्याचं काय झालं पाह्यलं ना तू?" त्यांच्या गुडघ्याचं खरंच वाईट झालं होतं. त्यांच्या गावाकडचे एक जण त्यांना दर दीड-दोन महिन्यांनी गुडघ्यात सुई द्यायचे. प्रत्येक सुईनंतर त्या काही आठवडे ठणठणीत चालायच्या, मग पुन्हा जायच्या. असं दोनेक वर्षं चाललं. आता गुडघा बदलायला सांगितलाय.

मी डॉक्टरांना हेही विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की काकूंचा गुडघा आणि माझा खांदा ही दोन वेगळी दुखणी आहेत. गुडघ्याची झीज म्हणजे हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजणं. ती वर्षानुवर्षं चालते. तिथे स्टेरॉइड सूज उतरवून काही आठवडे दुखणं कमी करतं, पण झीज थांबवत नाही, आणि पुन्हा पुन्हा दिलं तर कूर्चेला अपायच करू शकतं. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्या १४० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलं आणि निम्म्यांना नुसतं सलाइन. स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली आणि दोन वर्षांच्या शेवटी दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणून गुडघ्यात दिलं तरी ते क्वचित, अचानक सूज येऊन पाणी भरलं असेल किंवा एखादा महत्त्वाचा काळ पार करायचा असेल तेव्हा. एका सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिने तरी हवेत आणि वर्षात तीन-चारच्या वर जाऊ नये, असा बहुतेक डॉक्टरांचा दंडक आहे. काकूंच्या बाबतीत दोन्ही मोडले गेले. आणखी एक गोष्ट त्यांना उशिरा कळली. गुडघा बदलायचा ठरला तर शेवटच्या इंजेक्शनापासून तीन महिने थांबावं लागतं, कारण त्याआधी शस्त्रक्रिया केली तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यांची शस्त्रक्रिया त्यामुळेच पुढे गेली आहे.

फ्रोझन शोल्डर हे कधी तरी संपणारं दुखणं आहे. तिथे एखाद-दुसऱ्या इंजेक्शनाचा हिशेब वेगळा. काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बाप्पा, पण शुगरचं पाह्यजो." आणि हे त्यांचं अगदी बरोबर होतं.

सांध्यात सोडलेलं स्टेरॉइड सांध्यातच राहत नाही. थोडं थोडं रक्तात उतरतं, यकृतातून साखर जास्त सुटते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. मधुमेह नसलेल्याला ते जाणवतही नाही. मधुमेह्याची साखर काही तासांत चढायला लागते, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात वर जाते आणि दोन ते पाच दिवसांत, क्वचित आठवडाभरानं, जागेवर येते. आधीच साखर वर असलेल्याची आणखी वर जाते. म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी मला माझ्या शुगरच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणाले.

शुगरच्या डॉक्टर बाईंनी ८.४ पाहून इंजेक्शनाला नाही म्हटलं नाही. उपाशीपोटीची साखर रोज दोनशेच्या वर असती तर आधी ती खाली आणली असती, असं त्या म्हणाल्या. माझी दीडशेच्या आसपास होती. त्यांनी तीन आठवडे गोळ्यांत थोडा बदल करून ती एकशे तीसपर्यंत आणली आणि मग आठवड्याची आखणी करून दिली. इंजेक्शनाच्या आदल्या दिवसापासून ग्लुकोमीटरवर दिवसातून चार वेळा साखर पाहायची: सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांनंतर दोन तासांनी आणि झोपताना. आकडे वहीत लिहायचे. तीनशेच्या वर गेली तर फोन करायचा. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, गळून जाणं, यातलं काही झालं तर फोनची वाट न पाहता दवाखान्यात यायचं. आणि सगळ्यात ठासून सांगितलं ते हे: आकडा पाहून स्वतःच्या मनानं गोळी वाढवायची नाही. साखर चार दिवसांनी आपोआप उतरते तेव्हा वाढवलेली गोळी ती फारच खाली नेऊ शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांत हा धोका खराच आहे.

दिवस कुठला निवडायचा हेही आम्ही ठरवून घेतलं. नवरात्रात माझे उपवास असतात. गोळ्या चालू, पोट रिकामं, त्यात इंजेक्शन, हे नको म्हणून दसरा होऊ दिला. दिवाळीचा फराळ सुरू व्हायच्या आत साखर जागेवर यायला हवी, म्हणून फार लांबवायचंही नव्हतं. ह्यांना वाटत होतं शनिवारी घ्यावं, रविवारी आराम होईल. मी सोमवार मागितला. साखर मंगळवार-बुधवारी चढणार आणि तेव्हा दोन्ही डॉक्टर हाताशी असणार. रविवारी तीनशेचा आकडा पाहून कोणाला फोन करायचा, हा प्रश्न मला नको होता.

सोमवारी दुपारी गेलो. नर्सबाईंनी आधी ताप पाहिला, खांद्यावर कुठे फोड, जखम, पुरळ आहे का ते पाहिलं, कारण त्वचेवर किंवा शरीरात कुठे संसर्ग असेल तर सांध्यात सुई घालत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, भुलीच्या औषधाची किंवा दुसऱ्या कशाची अॅलर्जी आहे का, ग्लुकोमीटरवर आत्ताची साखर किती, हे विचारून लिहिलं. ती होती १६८. मग सही घेतली. कागदावर औषधाचं नाव स्पष्ट होतं: ट्रायमसिनोलोन असिटोनाइड, ४० मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटर, सोबत भुलीचं औषध लिग्नोकेन. आपण कॉर्टिसोनचं इंजेक्शन म्हणतो, पण हल्ली सुईत असतं ते याच कुळातलं, सांध्यात जास्त दिवस टिकणारं औषध. शुगरमुळे कमी मात्रा चालेल का, असं मी विचारलं. २० मिलिग्रॅमनंही फ्रोझन शोल्डरमध्ये बऱ्यापैकी काम होतं, पण माझी साखर आता आवाक्यात आहे आणि दुखणं जोरात आहे, म्हणून ४० देतो, असं त्यांनी सांगितलं.

मला स्टुलावर बसवलं, उजवा पंजा डाव्या खांद्यावर ठेवायला सांगितला. डॉक्टर पाठीमागे. त्यांनी खांद्याची मागची बाजू जंतुनाशकानं दोनदा पुसली, निर्जंतुक हातमोजे घातले आणि सोनोग्राफीचा दांडा लावला. स्क्रीनवर हाडाचा गोल माथा आणि त्याच्या खोबणीची कड दिसत होती. सोनोग्राफीशिवायही अनुभवी हात हे इंजेक्शन देतात. पण सुई सांध्याच्या आतच गेली की शेजारच्या शिरेत, हे पडद्यावर दिसतं, आणि शिरेच्या आत स्टेरॉइड सोडलं तर ती कमजोर होऊ शकते. म्हणून मला ते हवं होतं.

आधी कातडी बधिर करायची बारीक सुई. तिची चुणचुण झाली. मग लांब सुई आत सरकताना दुखलं नाही, खोल कुठे तरी दाब आला. दुधासारखं पांढरं औषध जाताना खांदा आतून भरल्यासारखा वाटला आणि क्षणभर दंडातून कळ गेली. मग पट्टी लावून अर्धा तास बाहेर बसवलं, चक्कर किंवा अॅलर्जी आली तर कळावं म्हणून.

त्या अर्ध्या तासातच हात हलका झाला. मी तो कित्येक महिन्यांत पहिल्यांदा न कळवळता कानापर्यंत नेला आणि ह्यांच्याकडे पाहून हसले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की हा परिणाम लिग्नोकेनचा आहे, दोन-चार तासांत जाईल. तरी त्याचा एक उपयोग असतो: सांध्यात भूल दिल्यावर दुखणं थांबलं, म्हणजे ते सांध्यातूनच येत होतं, मानेतून नाही. स्टेरॉइडचं काम सुरू व्हायला काही दिवस लागतात. त्या हलकेपणाला भुलून घरी जाऊन कपाट आवरायला घेऊ नका, म्हणाले. दोन दिवस जड काही उचलायचं नाही.

संध्याकाळी भूल उतरली आणि रात्री खांदा पूर्वीपेक्षा जास्त ठणकायला लागला. याला इंजेक्शननंतरचा भडका म्हणतात. काही जणांना होतो. स्टेरॉइडचे बारीक कण सांध्याला टोचतात आणि तात्पुरती सूज येते. बर्फाची पिशवी पातळ टॉवेलात गुंडाळून पंधरा-पंधरा मिनिटं शेकली, पॅरासिटामॉल घेतली. बुधवारी सकाळपर्यंत ठणका ओसरला. भीती असते ती सांध्यात जंतू गेले का, याची. हजारो इंजेक्शनांत एखाद्याला होणारी ही गोष्ट आहे, पण मधुमेह असला तर संसर्गाला जास्त जपावं लागतं, म्हणून फरक मी नीट विचारून ठेवला होता. भडका पहिल्याच दिवशी येतो आणि दोन-तीन दिवसांत उतरत जातो. संसर्गाचं दुखणं बहुतेकदा काही दिवसांनी सुरू होऊन वाढत जातं, खांदा गरम आणि लाल होतो, ताप येतो, हात जरासुद्धा हलवू देत नाही. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, गोळ्या घेऊन वाट पाहायची नाही.

मंगळवारी दोन्ही गाल लालबुंद आणि गरम झाले. सासूबाई घाबरल्या, ताप आहे समजून. ताप नव्हता. स्टेरॉइडनंतर, विशेषतः बायकांना, असं होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. सुईच्या जागी कातडी पांढरी पडू शकते किंवा खालची चरबी आटून खळगा पडू शकतो, हेही सांगितलं होतं. खोल सांध्यात दिलं की त्याची शक्यता कमी. मला तसं काही झालं नाही.

साखरेचे वहीतले आकडे असे आहेत. सोमवारी रात्री झोपताना २४१. मंगळवारी उपाशीपोटी १८९, दुपारच्या जेवणानंतर ३१२. फोन केला. बाईंनी लघवीत कीटोन, म्हणजे साखर वापरता न आल्यामुळे चरबी जळून तयार होणारे पदार्थ, आहेत का ते तपासायला सांगितलं, ते नव्हते. मला तहान जरा जास्त होती, बाकी ठीक वाटत होतं. त्यांनी दोन दिवसांसाठी एक गोळी वाढवून दिली आणि ती कधी बंद करायची तेही तेव्हाच सांगितलं. भात आणि बटाटा त्या दिवसांत पूर्ण बंद ठेवला, दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. बुधवारी जेवणानंतर २७८, गुरुवारी २१५, शुक्रवारी १८० च्या घरात. पुढच्या सोमवारी उपाशीपोटी १३४. उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा जेवणानंतरचा आकडा किती जास्त उडतो ते यात दिसतं. कोणी फक्त सकाळची साखर पाहून "माझी तर वाढलीच नाही" म्हणत असेल तर त्यांनी दुपारी एकदा पाहावी.

दुखणं कमी झालंय हे मला दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी कळलं, कारण रात्री जागच आली नव्हती. तिथून खरं काम सुरू झालं. फिजिओकडे आठवड्यातून दोनदा, आणि घरी दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं. आधी गरम शेक. मग वाकून हात लोंबता ठेवून लहान गोल फिरवायचे. भिंतीवर बोटं चालवत वर जायचं. कोपरं कमरेला चिकटवून दोन्ही हातांत छत्री आडवी धरायची आणि डाव्या हातानं ढकलून उजवा बाहेर न्यायचा. पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हातानं खालचा ओढायचा, हा सगळ्यात अवघड. ताणल्यासारखं वाटलं पाहिजे, पण थांबल्यावर दुखणं थोड्या वेळात बसलं पाहिजे. रात्रभर ठणकलं तर तो व्यायाम जास्त झाला, असं फिजिओ ताईंनी माप दिलं होतं. जोरानं हात ओढून "सोडवून" देणाऱ्यांकडे अजिबात जायचं नाही, हेही.

फिजिओ ताई दर दोन आठवड्यांनी मोजून लिहायच्या. छत्रीच्या व्यायामात पंजा सुरुवातीला जेमतेम दहा अंश बाहेर जायचा. सहा आठवड्यांनी तीस झाला, तीन महिन्यांनी पंचेचाळीस. डावा साठच्या पुढे जातो. हात वर नेणं लवकर सुटलं, पाठीमागे नेणं सगळ्यात उशिरा.

अडीच महिन्यांच्या सुमारास, ऐन थंडीत, दुखणं थोडं परत आलं. दुसरं इंजेक्शन घ्यायचं का, हा प्रश्न तेव्हा आला, आणि शाळेच्या परीक्षा तोंडावर असल्यामुळे मला मोहही झाला. डॉक्टरांनी पुन्हा तीच परीक्षा केली. हात टोकाला नेला की दुखायचं, मधल्या हालचालीत आणि रात्री नाही. म्हणजे सुजेचं दुखणं बरंचसं गेलं होतं, उरलं होतं ते आखडलेपण. त्यावर स्टेरॉइड फार काही करणार नव्हतं आणि साखरेचा तो आठवडा पुन्हा काढावा लागला असता. "रात्रीची झोप परत मोडायला लागली तर या, तेव्हा विचार करू. तीन महिन्यांच्या आत तर नाहीच," ते म्हणाले. मी घेतलं नाही. व्यायामाआधीचा शेक थोडा लांबवला आणि टॉवेलचा व्यायाम काही दिवस हलका केला. महिन्याभरात ते दुखणं बसलं.

आता फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहिता येतं. पाठीमागे अंगठा कमरेच्या जरा वर जातो, डाव्यापेक्षा वीतभर खाली. फाइलच्या पहिल्या पानावर मी औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि "उजवा खांदा" असं लिहून ठेवलंय, म्हणजे पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेले तरी आधीचं इंजेक्शन कधी आणि कशाचं झालं हे आठवावं लागणार नाही. तीन महिन्यांनी केलेला एचबीए१सी ७.६ आला. इंजेक्शनाच्या त्या चार दिवसांच्या उसळीचा या सरासरीवर सहसा परिणाम दिसत नाही, असं बाई म्हणाल्या. ८.४ चा ७.६ झाला तो गोळ्यांतल्या बदलामुळे आणि जेवणानंतरची साखर पाहायची सवय लागल्यामुळे. ती सवय मी चालू ठेवली आहे, आठवड्यातून दोनदा, दुपारी.